गोष्टी पाठ, काळ कच्चा : सातवीच्या वर्गातील जिवंत कालरेषा

महाराष्ट्रातील मूल शिवाजी महाराजांचा इतिहास शाळेत दोनदा शिकते. चौथीत तो गोष्टींच्या रूपात येतो आणि सातवीत मध्ययुगीन भारताच्या इतिहासाचा भाग म्हणून पुन्हा भेटतो. त्यामुळे सातवीच्या कोणत्याही वर्गात अफजलखानाची भेट, घोडखिंड, लाल महाल, आग्र्याहून सुटका, सिंहगड आणि राज्याभिषेक या गोष्टी मुलांना तोंडपाठ असतात. घरातल्या मोठ्यांनी त्या सांगितलेल्या असतात, पोवाड्यांत ऐकलेल्या असतात, दिवाळीत किल्ला करताना पुन्हा उजळलेल्या असतात. पण याच मुलांना विचारून पाहावे, “बाजीप्रभू खिंडीत लढत होते तेव्हा शायिस्तेखान कुठे होता?” वर्ग गप्प होतो. फार तर एखादे धीट मूल म्हणते, “तो नंतर आला.”

हे उत्तर चुकीचे आहे, आणि चूक मुलाची नाही. पुस्तकात पन्हाळ्याचा वेढा आधी संपतो आणि मग शायिस्तेखानाचा मजकूर सुरू होतो. छापील ओळींना एकामागून एकच येता येते. वाचणारे मूल तोच क्रम काळाचा क्रम समजते. वास्तविक शायिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला होता आणि महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले होते. जुलैच्या त्या दिवशी घोडखिंड लढली जात असताना इकडे चाकणच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला होता आणि फिरंगोजी नरसाळा तो झुंजवत होते. एका बाजूला आदिलशाही, दुसऱ्या बाजूला मोगल, आणि राजा स्वतः एका गडावर कोंडलेला. वेढा फोडून निघणे इतके निकडीचे का झाले, हे या एका माहितीवाचून कळत नाही.

हे अंतर आणि ही समकालीनता मुलांच्या लक्षात आणून देण्याचा एक शालेय उपक्रम म्हणजे जिवंत कालरेषा. मुले जमिनीवर आखलेल्या रेषेवर घटनांच्या क्रमाने उभी राहतात, कागदाच्या साहित्यानिशी आपापली घटना करून दाखवतात आणि पुढची घटना सुरू झाली तरी जागेवरून हलत नाहीत. काळाला लांबी देण्याची कल्पना जुनी आहे. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज विद्वानाने १७६५ साली प्रसिद्ध व्यक्तींच्या आयुष्यांचा एक तक्ता छापला होता. त्यात प्रत्येकाचे आयुष्य एका रेघेने दाखवले होते आणि सगळ्या रेघांचे प्रमाण एकच होते. कोण कोणाच्या हयातीत होता हे त्यात नुसत्या नजरेने कळे. अलीकडे, १९९० च्या दशकात, कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक या अमेरिकी अभ्यासकांनी शाळकरी मुलांना जुन्या काळाची चित्रे क्रमाने लावायला सांगितली. कपडे, वाहने, घरे यांवरून मुले आधीचे-नंतरचे बरेच ओळखत होती, पण लहान मुलांना सनांच्या आकड्यांतून फारसा अर्थबोध होत नव्हता. आपल्याकडचा अनुभवही असाच आहे. १६६० आणि १६६३ हे आकडे मुलाला सारखेच दूरचे वाटतात. त्यांच्यामधली तीन वर्षे त्याला दिसत नाहीत.

म्हणून या उपक्रमात पहिला निर्णय प्रमाणाचा घ्यावा, नाटकाचा नंतर. मुले क्रमाने उभी राहिली पण सारख्या अंतरावर उभी राहिली, तर ती पुस्तकातली अनुक्रमणिकाच झाली. नुसती उभी राहिलेली, एवढाच फरक. सोयीचे प्रमाण असे की एका वर्षाला दोन फूट, म्हणजे साठ सेंटीमीटर. मग एका महिन्याला पाच सेंटीमीटर येतात. व्हरांड्यात दोन फुटी फरशी असेल तर एक फरशी एक वर्ष इतका सोपा हिशेब होतो. १६५९ च्या जानेवारीपासून १६७४ च्या डिसेंबरपर्यंत सोळा वर्षे, म्हणजे सोळा फरश्या, बत्तीस फूट. बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात एवढी जागा निघते. फरशी शहाबादी आणि वेगवेगळ्या मापांची असेल तर तिच्यावर विसंबू नये. खडूने आखावे किंवा मैदानावर फक्की टाकावी, आणि सुतळीला दर साठ सेंटीमीटरवर गाठ मारून घ्यावी. आखण्याचे काम मुलांनीच करावे. गणिताच्या तासाला केले तरी चालते.

आता चाळीस मुलांचा वर्ग धरू. आठ घटना निवडायच्या आणि प्रत्येकीला चार मुले द्यायची : प्रतापगड (१० नोव्हेंबर १६५९), पन्हाळा ते विशाळगड (१३ जुलै १६६०), लाल महाल (५ एप्रिल १६६३), पहिली सुरत (जानेवारी १६६४), पुरंदरचा तह (जून १६६५), आग्र्याहून सुटका (१७ ऑगस्ट १६६६), सिंहगड (४ फेब्रुवारी १६७०) आणि राज्याभिषेक (६ जून १६७४). ही बत्तीस मुले झाली. उरलेल्या आठांची कामे घटनांची नाहीत, आणि माझ्या मते उपक्रमाचा खरा जीव त्यांच्यातच आहे. एक मूल ‘काळ’. ते रेषेवरून चालते आणि हातातली घंटा वाजवून घटना सुरू करते. तिघे गडकरी : एक स्वराज्याचा, एक मोगलांचा, एक आदिलशाहीचा. दोघे शायिस्तेखानाच्या मुक्कामाची पट्टी धरणारे. एक मुलगी जिजाऊ आणि एक मुलगा संभाजीराजे. ही दोघे काळाबरोबर रेषेवरून चालत जातात. संभाजीराजांच्या छातीवर वयाची चिठ्ठी असते आणि ती बदलत जाते : प्रतापगडला अडीच वर्षे, आग्र्याच्या दरबारात जेमतेम नऊ, राज्याभिषेकाला सतरा. सातवीतले बारा वर्षांचे मूल आपल्याहून तीन वर्षांनी लहान मुलाला परमुलखात कैदेत पाहते, तेव्हा आग्र्याच्या पेटाऱ्यांपेक्षा त्याच गोष्टीवर अधिक प्रश्न विचारते.

रेषेची भिंतीकडची बाजू आदिलशाहीची आणि अंगणाकडची मोगलांची ठेवावी. स्वराज्याची माणसे मधोमध, रेषेवर. एवढ्याने दोन आघाड्यांचा पेच सांगण्याची गरज राहत नाही. भिंतीकडे सिद्दी जौहरच्या गटातली मुले कागदी राहुट्या मांडून बसली आहेत, आणि त्याच वेळी अंगणाच्या बाजूला शायिस्तेखानाची पट्टी उलगडू लागली आहे. ही पट्टी वर्तमानपत्राचे कागद खळीने जोडून करायची. मे १६६० ते एप्रिल १६६३ म्हणजे पस्तीस महिने, म्हणून पट्टीची लांबी एक मीटर पंचाहत्तर सेंटीमीटर. एक मूल तिचे टोक मे १६६० च्या खुणेवर पायाखाली धरते, दुसरे गुंडाळी घेऊन काळाबरोबर चालत ती उलगडत जाते. घोडखिंडीची घंटा वाजते तेव्हा पट्टी जेमतेम दहा सेंटीमीटर उलगडलेली असते, पण ती तिथे असते. आणि लाल महालाचा गट जेव्हा त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन छापा घालतो, तेव्हा एका रात्रीची ती गोष्ट जवळपास तीन वर्षांच्या मुक्कामावर घातलेला घाव म्हणून दिसते. लगेच पुढे पंचेचाळीस सेंटीमीटरवर सुरत आहे. सुरत का, हा प्रश्न इथे पट्टीकडे बोट दाखवून विचारावा. पुणे प्रांत तीन वर्षे शत्रूच्या फौजेखाली होता, मुलूख उजाड झाला होता, पैसा हवा होता. मुले हे उत्तर स्वतः देतात.

कागदी साहित्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी सगळा वेळ इथेच वाया जातो. मुलांना जिरेटोप, तलवारी, वाघनखे करायची असतात. करू द्यावीत, पण एका तासिकेपुरती आणि घोटीव कागदातून. वेषाचे साहित्य घटनेबरोबर संपते. त्याहून उपयोगाचे साहित्य ते, जे एका घटनेतून पुढच्या घटनेत जाते. त्यात पहिला मान किल्ल्यांच्या चिठ्ठ्यांचा. ए-फोर आकाराच्या नऊ कार्डशीटचे प्रत्येकी चार तुकडे केले की छत्तीस चिठ्ठ्या होतात. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा महाराजांकडे राहिले, त्या पस्तीस चिठ्ठ्या. जेवढी नावे मुलांना ठाऊक तेवढी लिहावीत : दिलेल्यांवर पुरंदर, कोंढाणा, लोहगड, तुंग, तिकोना, माहुली, कर्नाळा, राखलेल्यांवर राजगड, तोरणा, रायगड. बाकी कोऱ्या राहिल्या तरी बिघडत नाही. उरलेली छत्तिसावी चिठ्ठी पन्हाळ्याची.

ही पन्हाळ्याची चिठ्ठी आधी आदिलशाहीच्या गडकऱ्याकडे असते. प्रतापगडानंतर तीन आठवड्यांच्या आत, नोव्हेंबर १६५९ संपण्यापूर्वी, ती स्वराज्याकडे येते. सप्टेंबर १६६० मध्ये ती परत द्यावी लागते. घोडखिंड लढून महाराज सुटले म्हणजे पन्हाळाही राहिला, असे समजणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. चिठ्ठी हातातून जाताना ती चमकतात. मग ती १६७३ च्या मार्चपर्यंत, साडेबारा फरश्या, भिंतीकडेच राहते. राज्याभिषेकाच्या फरशीच्या आधीच्या फरशीवर ती परत येते.

पुरंदरच्या घटनेत बोलण्यासारखे फार नसते. मुरारबाजींचा पराक्रम करून दाखवायचा मोह मुलांना होतो, पण या गटाला एकच काम द्यावे : तेवीस चिठ्ठ्या एकेक करून, नाव वाचून, स्वराज्याच्या गडकऱ्याच्या हातातून मोगलांच्या गडकऱ्याच्या हातात देणे. कोऱ्या चिठ्ठीला ‘एक गड’ म्हणायचे. याला दीड-दोन मिनिटे लागतात आणि ती लांबतात. आठव्या-नवव्या चिठ्ठीपर्यंत वर्गात हसणे-खिदळणे असते, पंधराव्यानंतर ते थांबते. शेवटी एका गडकऱ्याच्या मुठीत बाराच कागद उरतात आणि दुसऱ्याच्या हातात मावत नाहीत.

साहित्याच्या रंगांबाबत शिक्षकाने आधीच ठरवून घ्यावे. मुलांवर सोपवले तर ती एका बाजूला भगवा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा कागद घेतात. ही वाटणी इतिहासाला धरून नाही आणि रेषेवर ती टिकतही नाही. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांबरोबर प्रतापगडाखाली सिद्दी इब्राहिम होता. पुरंदरला समोर उभा आहे तो मिर्झाराजे जयसिंग, त्याला कोणता रंग द्यायचा? शिवाय तह झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस महाराज मोगलांच्या बाजूने आदिलशाहीविरुद्धच्या मोहिमेत उतरलेले असतात, म्हणजे मधले आणि अंगणातले भिंतीकडे तोंड करून एकत्र उभे. रंग राज्यांना द्यावेत, धर्मांना देऊ नयेत : स्वराज्य भगवे, आदिलशाही पिवळी, मोगल निळे, आणि ज्याची चाकरी त्याचा रंग. मग जयसिंग निळा होतो, सिद्दी इब्राहिम भगवा होतो आणि वाद मिटतो. मारणे, रक्त, शिरच्छेद हे काहीही दाखवायचे नाही. प्रत्येक गटाने एका मिनिटात घटना सांगून शेवटच्या क्षणी पुतळ्यासारखे स्तब्ध व्हायचे, एवढा नियम पुरेसा होतो.

प्रत्यक्ष प्रयोगाचा हिशेब असा. काळ एका फरशीला दहा सेकंद घेऊन चालतो. प्रतापगड ते राज्याभिषेक साडेचौदा फरश्या, म्हणजे चालण्याची अडीच मिनिटे. आठ घटनांची आठ-दहा मिनिटे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सगळी रेषा दोनदा होते, आणि ती दोनदा करावीच. पहिल्या वेळी प्रत्येक मूल फक्त आपल्या पाळीची वाट पाहत असते. साहित्य करायला आणि तालमीला त्याआधी दोन तासिका लागतात. चौथी लागत असेल तर समजावे की नाटक वाढले आणि कालरेषा हरवली.

गर्दीची अडचण पहिल्याच वळणावर येते. प्रतापगड आणि घोडखिंड यांच्यात आठ महिने, म्हणजे फक्त चाळीस सेंटीमीटर. तिथे आठ मुले मावत नाहीत. बरेच शिक्षक अशा वेळी गट थोडे लांब सरकवतात आणि नेमके तेच करू नये. गटातल्या एकाच मुलाने पायाच्या अंगठ्याने आपली तारीख धरावी आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे रेषेपासून दूर, आडव्या ओळीत उभे राहावे. खांद्याला खांदा लागतो, धक्काबुक्की होते, होऊ द्यावी. त्या आठ महिन्यांत तशीच दाटी होती.

याच्या उलट अडचण आग्र्यानंतर येते. सुटकेपासून सिंहगडापर्यंत साडेतीन वर्षे, दोन मीटरहून जास्त जागा रिकामी. काळ पस्तीस सेकंद नुसता चालतो आणि कोणीच काही करत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस सेकंदांची शांतता फार मोठी असते. घाबरून काळाला भरभर चालवू नये. पुस्तकात हा काळ एका-दोन वाक्यांत आटोपतो म्हणून मुलांना वाटते की महाराज आग्र्याहून आले आणि लागलीच गड घ्यायला निघाले. रेषेवर मोगलांचा गडकरी तेवीस चिठ्ठ्या छातीशी धरून ते सगळे अंतर चालत जातो, कारण या काळात मोगलांशी वरवर सलोखा होता आणि किल्ले त्यांच्याकडेच होते. “मग महाराज काय करत होते?” हा प्रश्न वर्गातून आला की धडा पुढे न्यावा : राज्यकारभाराची घडी, महसूल, गडांची डागडुजी, फौज. नाही आला तर काळाला एकदा मागे बोलावून पुन्हा चालवावे. सिंहगडाची घंटा वाजल्यावर पहिली चिठ्ठी मधोमध परत येते आणि मग भराभर, त्याच वर्षात, पुरंदर, लोहगड, माहुली, कर्नाळा.

तारखांविषयी दोन गोष्टी. एखादे मूल घरून तिथी आणते : राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ती बरोबरच आहे, रेषेखाली लिहावी. इंग्रजी तारखाही त्या काळच्या जुन्या कालगणनेच्या असतात आणि आजच्या कालगणनेशी त्यांचा दहा दिवसांचा फरक पडतो. आपल्या प्रमाणात तो दीड सेंटीमीटर, बोटभर. भांडण मोजून दाखवले की मिटते. दुसरी गोष्ट अनिश्चित तारखांची. आग्र्याहून निघाल्याचा दिवस पक्का आहे, पण राजगडावर पोचल्याचा दिवस काही अभ्यासक सप्टेंबर १६६६ मध्ये धरतात, काही नोव्हेंबरमध्ये. तिथे एका बिंदूवर मूल उभे करू नये. दहा-बारा सेंटीमीटरचा तुटक रेघांचा कागद दोन्ही खुणांमध्ये अंथरावा आणि महाराज झालेल्या मुलाने त्यावर कुठेही पाय ठेवावा. इतिहासात ‘या दरम्यान’ असेही उत्तर असते, हे सातवीच्या मुलाला कागदाच्या तुकड्यावरून पुरते कळते.

मुलांना काय उमगले हे टाळ्यांवरून ठरत नाही. आठवड्याने दोन प्रश्न विचारावेत. पहिला तोच, बाजीप्रभू आणि शायिस्तेखानाचा. दुसरा असा : सनाविना लिहिलेल्या पाच घटनांच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि क्रम लावून कारण विचारावे. “सिंहगड नंतर, कारण १६७०” हे पाठांतर झाले. “सिंहगड नंतर, कारण आधी तो तहात दिला होता” असे मूल म्हणाले तर कालरेषा त्याच्यापर्यंत पोचली. जे मूल फक्त स्वतःच्या गटाची घटना नीट सांगते आणि बाकी विसरते, त्याला पुढच्या वेळी गडकरी करावे. गडकऱ्याला सगळी रेषा चालावी लागते. या पद्धतीची मर्यादाही याच ठिकाणी आहे. जी गोष्ट हस्तांतरित होते, उलगडते किंवा चालत जाते, ती कागदात नीट दिसते. शेतकऱ्याचा सारा कसा ठरला, अष्टप्रधान काय करत, हे चिठ्ठ्यांत सापडत नाही. त्यासाठी वर्गात बसूनच शिकवावे लागते.

शेवटी जिजाऊंविषयी. ही भूमिका करणारी मुलगी रेषेच्या अगदी पहिल्या फरशीपासून चालते, आणि तिच्यासाठी प्रतापगडाच्या अलीकडे, दहा सेंटीमीटरवर, एक खूण करून ठेवावी : ५ सप्टेंबर १६५९, सईबाईंचा मृत्यू. खान स्वराज्यावर चालून आलेला असताना घरात हे घडलेले आहे आणि अडीच वर्षांच्या संभाजीराजांना त्या दिवसापासून तिनेच हाताला धरायचे आहे. म्हणून ही दोन मुले पुढची सगळी रेषा एकत्र चालतात. राज्याभिषेकाला सगळे गट एकदम उभे असतात, जयघोष होतो, आणि मुलांच्या मनातल्या चित्रात जिजाऊ तिथेच कायमच्या उभ्या राहिलेल्या असतात. रेषा तिथे थांबवू नये. १७ जून १६७४, पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंचे निधन. राज्याभिषेकापासून अकरा दिवस. फरशीवर दोन सेंटीमीटरही नाहीत, पायही पुरता उचलावा लागत नाही. मुलीला आधी एकटीला बाजूला घेऊन सांगून ठेवावे. घंटा वाजवायची नाही. ती संभाजीराजांचा हात सोडते, रेषेवरून खाली उतरते आणि काळ झालेले मूल एकटे पुढे चालू लागते.